पावसाळ्यात नेम हलतो: लाकडी दस्ता ठेवावा की सिंथेटिक बसवावा?

प्रश्न: वडिलांकडून आलेली .३१५ स्पोर्टिंग रायफल आहे, लाकडी दस्त्याची. परवाना पीकसंरक्षणाचा, घर सावंतवाडीच्या बाजूला. जानेवारीत क्लबच्या रेंजवर ५० मीटरवर सगळ्या गोळ्या जागच्या जागी बसतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तीच रायफल, तीच काडतुसं, आणि गोळ्या चार बोटं वर-डावीकडे जातात. सगळे म्हणतात लाकूड काढून सिंथेटिक दस्ता बसव, हलकाही होईल. वजन, पावसातला भरवसा, हाताला लागणं आणि दुरुस्ती यांचा विचार करता काय करावं?

उत्तर:

आधी दस्ता विकत घेऊ नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात दोष लाकडाचा निम्मा आणि लाकूड व लोखंड जिथे भेटतात त्या बैठकीचा निम्मा आहे. बैठक बिघडलेली असेल तर नवा प्लॅस्टिकचा दस्ताही तिच्यावर आयता उपाय ठरणार नाही. मी कोल्हापुरात परवानाधारक दुरुस्तीचं दुकान चालवतो. जून ते सप्टेंबर माझ्याकडे येणाऱ्या कामांत अशाच तक्रारी जास्त असतात, कोकणातून आणि चंदगड-आजऱ्याच्या बाजूने. त्यामुळे तुमचं दुखणं ओळखीचं आहे.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. पाणी पिऊन ते फुगतं ते रेषांना आडवं, म्हणजे रुंदीत आणि जाडीत. चांगल्या वाळलेल्या अक्रोडाच्या लाकडात जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याकडे साधारण ११ टक्के ओलावा असतो. हवेत ८५ टक्के आर्द्रता आठवडेच्या आठवडे टिकली की तो हळूहळू १७ टक्क्यांपर्यंत चढतो. या सहा टक्क्यांच्या फरकात अक्रोड रेषांना आडवं एक ते दीड टक्का वाढतं. ऐकायला थोडं वाटतं. पण ॲक्शन, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो नळीमागचा लोखंडी भाग, आणि खालचा ट्रिगर गार्ड यांच्या मधे दाबलेलं लाकूड ३० मिलिमीटर जाड धरलं, तर तिथे ३ ते ५ दशांश मिलिमीटर फरक पडतो. रायफलच्या स्क्रूचे आटे साधारण मिलिमीटरभर अंतरावर असतात. म्हणजे पावसाने तुमचा स्क्रू कुणी हात न लावता एक तृतीयांश ते अर्धा फेरा जास्त आवळला, असाच त्याचा अर्थ होतो.

आता पुढची गोष्ट. त्या दाबाखाली लाकडाचे रेषे चेंगरतात. डिसेंबरात लाकूड सुकून आकसलं की चेंगरलेली जागा परत उभी राहत नाही, आणि स्क्रू ढिला होतो. मालक तो आवळतो. पुढच्या पावसात पुन्हा फुगणं, पुन्हा चेंगरणं. असे वीस-तीस पावसाळे झाले की ॲक्शन लाकडात खोल खोल बसत जाते आणि एका बाजूला कलते. तुमच्या रायफलने किती पावसाळे काढलेत ते तुम्हालाच ठाऊक, पण वडिलांकडून आलेली म्हणता, त्यावरून हेच झालं असणार असा माझा अंदाज आहे.

दुसरा बिघाड पुढच्या दस्त्यात, म्हणजे नळीखालच्या भागात होतो. इथे एक गैरसमज सर्रास आहे. लोक म्हणतात लाकूड फुगलं आणि नळीला टेकलं. पण सगळं लाकूड सारखं फुगलं तर त्यातली नळीची खाचही त्याच प्रमाणात रुंद होते, टेकण्याचं कारण नाही. टेकतं ते असमान फुगण्यामुळे. दस्त्याला बाहेरून चार-पाच हात पॉलिश असतं आणि आत, खाचेत, लाकूड बहुधा कोरडं उघडं असतं. पावसात आतली बाजू आधी पिते, बाहेरची मागे राहते, आणि पट्टी वाकते. दरवाजाची एकच बाजू रंगवली की फळी कशी बाक घेते, तसंच. वाकलेल्या टोकाने नळीला एका बाजूने रेटा दिला की गोळी दुसऱ्या बाजूला सरकते. तुमच्या गोळ्या वर-डावीकडे जातात म्हणजे खालून-उजवीकडून कुठेतरी टेकण असावं, असं मी आधी धरून चालेन आणि मग तपासेन.

तपासणं सोपं आहे आणि बरंचसं तुम्ही घरीही करू शकता. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, बोल्ट काढून बाजूला ठेवा. दहाची कोरी नोट घ्या, नळी आणि पुढच्या दस्त्याच्या मधे सरकवा आणि टोकापासून मागे ओढत न्या. कुठे अडते, कोणत्या बाजूला अडते, ते पेन्सिलीने लाकडावर खूण करा. आज एकदा करा आणि जानेवारीत पुन्हा करा. दोन्ही वेळा खुणा एकाच जागी आल्या तर तो दस्त्याचा मूळ बांधा आहे. पावसातच नवी खूण उमटली तर ते ओलाव्याचं काम.

मात्र एक सावधगिरी. तुमची रायफल ली-एनफील्ड पद्धतीच्या ॲक्शनवर बांधलेली आहे, म्हणजे पुढचा दस्ता आणि मागचा दस्ता वेगळे. या जुन्या घराण्यात नळी पुढच्या लाकडाला ठरावीक ठिकाणी मुद्दाम टेकवलेली असते. आजच्या रायफलींसारखी नळी पूर्ण मोकळी करायची म्हणून कुणी कानस घेऊन सगळी खाच खरवडली, तर बिघडलेली रायफल आणखी बिघडेल. मी अशा दोन रायफली पाहिल्यात, दोन्हींचे पुढचे दस्ते नवे करावे लागले.

दुसरी तपासणी दस्ता उतरवूनच होते, आणि ती दुकानात करून घ्या. बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेल्या ठिकाणी, स्वतःचा परवाना सोबत नेऊन आणि पावती घेऊन. पुढच्या दस्त्याच्या मागच्या टोकाला आत दोन लहान खांदे असतात. गोळी सुटल्यावरचा सगळा धक्का ॲक्शन या दोन खांद्यांवर टाकते. ते एका मापाचे, ताठ आणि ॲक्शनला दोन्हीकडे सारखे भिडलेले हवेत. जुन्या रायफलीत मला ते बहुतेक वेळा काळे, तेलकट आणि मऊ सापडतात. नखाने दाबलं तरी खूण उठते.

याचं कारण पाऊस नसून तेल आहे. माणसं प्रेमाने नळीत भरपूर तेल घालतात आणि रायफल कपाटात तोंड वर करून उभी ठेवतात. ते तेल वर्षानुवर्षं खाली झिरपत ॲक्शनच्या मागच्या लाकडात मुरतं. खनिज तेल मुरलेलं लाकूड कुजत नाही, पण त्याचे रेषे सैल पडतात आणि धक्का पेलत नाहीत. म्हणून साफ केल्यावर पहिली रात्र रायफल तोंड खाली करून, कापडावर उभी ठेवावी.

एक उदाहरण सांगतो, तुमच्याशी जुळणारं. गेल्या वर्षी आषाढात चंदगडकडची एक .३१५ आली होती. मालक म्हणाले, पहिली गोळी बरोबर, तिसरी-चौथी भलतीकडे. मी उतरवली तर डावा खांदा चांगला होता, उजवा जवळजवळ मिलिमीटरभर खचलेला. म्हणजे प्रत्येक धक्क्याला ॲक्शन एका बाजूने मागे सरकत होती आणि किंचित वळत होती. पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला बारीक चीरही सुरू झाली होती, केसाएवढी, तेलाने काळी पडल्यामुळेच दिसली.

आधी दस्ता सुकवला. उन्हात ठेवून नव्हे, उन्हात लाकूड तडकतं. खोलीत पंख्याखाली, रोज वजन करून. किराणा दुकानातल्यासारखा ग्रॅममधे दाखवणारा काटा माझ्याकडे खास याच कामासाठी आहे. एक किलो वजनाच्या लाकडाचा ओलावा ११ वरून १७ टक्क्यांवर गेला तर वजन ५० ग्रॅमहून थोडं जास्त वाढतं. त्यामुळे काटा तुम्हाला लाकडाच्या आतलं सांगतो, जे डोळ्याला दिसत नाही. त्या दस्त्याचं वजन पंधरा दिवस उतरत राहिलं आणि मग थांबलं. थांबल्याशिवाय मी पुढे हात लावत नाही, कारण फुगलेल्या लाकडावर बसवलेली बैठक सुकल्यावर सैल होते.

मग तेल काढलं. खडूची भुकटी ॲसिटोनमधे कालवून दह्याएवढी दाट लापशी केली आणि काळ्या भागावर जाड थापली. ॲसिटोन आत जाऊन तेल पातळ करतं, उडून जाताना तेल बाहेर ओढतं आणि खडू ते शोषून पिवळा पडतो. पिवळा खडू झाडायचा, नवा थापायचा. पाच वेळा केलं तेव्हा शेवटचा थर पांढराच राहिला. हे काम उघड्या जागी आणि आसपास विस्तव नसताना करायचं.

चिरेत पातळ इपॉक्सी मुरवून क्लँप लावला. खचलेला खांदा पटाशीने ताज्या लाकडापर्यंत कोरला आणि तिथे शिसवीचा घट्ट तुकडा बसवला, त्याचे रेषे धक्का ज्या दिशेने येतो त्या दिशेला ठेवून. ही युक्ती माझी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या कारखान्यात याच घराण्याच्या रायफली तिथल्या मऊ लाकडात बनत, आणि खांदे चेंगरू नयेत म्हणून त्यात तांब्याच्या पट्ट्या बसवत. मग दोन्ही खांद्यांवर इपॉक्सीचा पातळ थर देऊन ॲक्शन त्यावर बसवली, म्हणजे लोखंडाचा हुबेहूब ठसा उमटतो. ॲक्शनला आधी बिनरंगी बूट पॉलिशचे दोन हात दिले होते आणि भोकं मुलांच्या क्लेने बुजवली होती. हे विसरलं तर लोखंड आणि दस्ता कायमचे एकजीव होतात.

शेवटी, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी पायरी. नळीची खाच, स्क्रूची भोकं, मागच्या दस्त्याच्या टोकाला बट प्लेटखालचं लाकूड, सगळीकडे पातळ केलेल्या पॉलियुरेथेनचे तीन-तीन हात दिले. लाकूड पाणी सगळ्यात जोरात पितं ते कापलेल्या टोकाकडून, आणि नेमकं तेच टोक बट प्लेट झाकते म्हणून कुणी रंगवत नाही. अळशीच्या तेलाबद्दल माझं मन मऊ आहे. त्याची चमक आणि वास मला फार आवडतो, बाहेरून मी तेच लावतो. पण दमट हवेला ते फारसं अडवत नाही. तेल लावलेली चिंधी मात्र गोळा करून टाकू नका, सुटी पसरून वाळवा, आपोआप पेटते.

ती रायफल सप्टेंबरमध्ये परत पाहिली. दस्त्याचं वजन जुलैत नेलं त्यापेक्षा १४ ग्रॅम वाढलं होतं, आणि चार गोळ्यांचा घोळका तीन बोटांत होता. पॉलिश हवेला पूर्ण बंद करत नाही, फक्त इतकं हळू करतं की पावसाळा संपेपर्यंत लाकडाला पुरतं प्यायला वेळच मिळत नाही, आणि जे पितं ते सगळीकडून सारखं पितं. लाकडी दस्त्याकडून एवढंच मिळू शकतं.

आता सिंथेटिक. पावसातल्या भरवशाच्या बाबतीत त्याची बाजू खरी आहे, आणि मी लाकडाचा माणूस असूनही ते मान्य करतो. अमेरिकी मरीन कोअरने १९६६ मध्ये व्हिएतनामसाठी अक्रोडाच्या दस्त्याची एम-४० रायफल घेतली होती. तिथल्या ओल्या जंगलात दस्ते वाकू लागले, नेम बिघडू लागला. १९७० च्या दशकात त्याच रायफलीची सुधारित आवृत्ती आली, एम-४०ए१, आणि तिचा दस्ता फायबरग्लासचा होता. कोकणातला पाऊस काही कमी नाही. नवी रायफल घेणारा कोकणातला माणूस मला विचारेल तर त्याला मी लाकूड सुचवणार नाही.

पण सिंथेटिक हा एक पदार्थ नाही. साच्यात ओतलेला प्लॅस्टिकचा दस्ता, काचतंतू आणि इपॉक्सीचे थर हाताने रचून केलेला फायबरग्लासचा दस्ता, आणि आत ॲल्युमिनियमचा सांगाडा असलेला, या तीन वेगळ्या वस्तू आहेत. बाजारात स्वस्तात मिळतो तो पहिला. तो पाण्याने हलत नाही, हे खरं. पण हाताने हलतो. त्याचा पुढचा भाग आतून पोकळ असतो, मधे जाळीसारख्या फासळ्या असतात. तुम्ही रेंजवर पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर टेकवता तेव्हा तो वर दबतो आणि नळीला भिडतो. रानात पट्टा हाताला गुंडाळून ओढता तेव्हा तो एका बाजूला खेचला जातो. मग लाकडाचा नेम ऋतूप्रमाणे बदलत होता, तर याचा प्रत्येक पवित्र्याप्रमाणे बदलतो.

दुकानात घेण्याआधी एक करून पाहा. रायफल तोंड वर करून दुकानदाराला धरायला सांगा. एका हाताच्या मुठीत नळी आणि पुढच्या दस्त्याचं टोक एकत्र धरून हलके आवळा. मधली फट बोटाने दाबून बंद होत असेल तर तो दस्ता तुम्हाला नको. जाड नळीच्या दस्त्यात पातळ नळी बसवलेली असली तर फट मोठी असते आणि ही चाचणी फसवते, म्हणून फट किती होती आणि किती उरली ते बघा.

वजनाबद्दल सगळ्यात जास्त चुकीची समजूत आहे. साध्या अक्रोडी दस्त्याचं वजन एक किलोच्या आसपास भरतं. साच्यातला प्लॅस्टिकचा दस्ताही बहुधा ९०० ग्रॅम ते एक किलोच असतो. हलकेपणा हवा तर तो कार्बन फायबरच्या दस्त्यात मिळतो, ५०० ते ८०० ग्रॅममधे, आणि त्याची किंमत ऐकून बहुतेक लोक मागे फिरतात. आपल्याकडे जुने दस्ते काही वेळा शिसवीचे केलेले सापडतात, ते मात्र अक्रोडाच्या सव्वापट भरतात. तसा असेल तर प्लॅस्टिकने फरक जाणवेल.

हलकं म्हणजे चांगलंच, हेही खरं नाही. धक्क्याची ऊर्जा रायफलच्या वजनाच्या उलट प्रमाणात असते. चार किलोच्या रायफलीतून ४०० ग्रॅम काढले तर खांद्यावर येणारी ऊर्जा ११ टक्क्यांनी वाढते. .३१५ च्या धक्क्याला तुम्ही सरावलेले आहात, पण वाढलेल्या धक्क्याने माणूस घोडा दाबताना डोळा मिटायला लागतो. तो नेमाचा खरा शत्रू आहे, आणि ते स्वतःच्या लक्षात येत नाही.

हाताला लागण्याबद्दल बोलताना लोक लाकडाची ऊब वगैरे म्हणतात. लाकूड आणि प्लॅस्टिक दोन्ही उष्णता हळू वाहून नेतात, त्यामुळे गार लागतो तो ॲल्युमिनियमचा सांगाडा, प्लॅस्टिक नव्हे. मला फरक जाणवतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे तोल. लाकडाचा मागचा दस्ता भरीव असतो, म्हणून रायफलचा तोल दोन हातांच्या मधे पडतो. पोकळ प्लॅस्टिकचा बसवला की मागची बाजू हलकी होते, तोंड जड लागतं आणि उभ्याने नेम धरताना टोक खाली ओढतं. दुसरं म्हणजे आवाज. पोकळ दस्ता फांदीला घासला की डब्यासारखा वाजतो. रात्री रानडुकराची वाट बघत बसणाऱ्याला हे बारीकसारीक वाटत नाही.

गालाचं आणि मापाचं मात्र लाकूड सरळ जिंकतं. तुमचा हात आखूड असेल तर मी मागचा दस्ता दोन सेंटिमीटर कापून देऊ शकतो, गालाखालचा भाग रंध्याने उतरवू शकतो. साच्यातला दस्ता साच्याच्याच मापाचा असतो. त्याच्या पकडीवर जो मऊ रबरासारखा थर असतो त्याच्याबद्दल एक इशारा. आपल्या दमट उष्ण हवेत असे थर काही वर्षांनी विरघळल्यासारखे चिकट होतात, बोटांना काळं लागतं. कॅमेऱ्यांच्या आणि दुर्बिणींच्या पकडीचं तुम्ही पाहिलं असेल. घ्यायचाच तर प्लॅस्टिकवरच रेघा कोरलेला घ्या.

आणि सिंथेटिकची एक छुपी अडचण पावसाशीच जोडलेली आहे. लाकडाची काळजी असते म्हणून मालक पावसातून आल्यावर रायफल पुसतो, सुकवतो. सिंथेटिकला काही होत नाही म्हणून तसाच कपाटात ठेवतो. पाणी प्लॅस्टिक पीत नाही, म्हणजे ते जातं कुठे? नळी आणि दस्त्याच्या मधल्या फटीत बसून राहतं. वरून नवी कोरी दिसणारी नळी मी उतरवली आणि खाली, दस्त्याच्या कडेच्या रेषेबरोबर, गंजाचा लांबच लांब पट्टा निघाला, असं माझ्या दुकानात दरवर्षी होतं. पोकळ मागच्या दस्त्यातही पाणी शिरतं, हलवलं की आतून खळखळतं. सिंथेटिक घेतलात तरी पावसाळ्यात दोनदा उतरवून आतली बाजू पुसा आणि नळीच्या खालच्या भागाला मेणाचा पातळ हात द्या.

दुरुस्तीत तर तुलनाच नाही. लाकडाला खळगा पडला, रेषे तुटलेले नाहीत, तर ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री क्षणभर टेकवा, वाफेने चेंगरलेले रेषे उठतात. मी पंधरा-वीस वर्षांचे खळगे असे उठवलेत. चीर गेली तर इपॉक्सी आणि पितळेची पिन. सगळा तुकडा निघाला तर त्याच जातीचा तुकडा जोडून रेषा जुळवता येतात. फायबरग्लासचा दस्ता तुटला तर काचतंतूचं कापड आणि इपॉक्सी लावून तो चांगला दुरुस्त होतो, बोटी दुरुस्त करतात तसाच, आणि मालवण-वेंगुर्ल्याकडे ते जाणणारी माणसं आहेत. पण साच्यातला प्लॅस्टिकचा दस्ता पकडीपाशी तडकला की बहुधा संपला. त्या प्लॅस्टिकला गोंद नीट धरत नाही, इपॉक्सी पापुद्र्यासारखं सुटून येतं. मी तसा दस्ता चिकटवून परत देत नाही, कारण तो तुटणार तेव्हा गालाखाली असणार.

या दोन्हींच्या मधे एक तिसरी गोष्ट आहे. बर्चच्या पातळ पट्ट्या रेझिनमधे दाबून केलेला लॅमिनेटेड दस्ता. एका पट्टीचं फुगणं दुसरी अडवते, म्हणून तो वाकत नाही, आणि रंधा-पटाशीला लाकडासारखा वागतो. वजन तीन-चारशे ग्रॅम जास्त. ज्याला बसून किंवा आडवं पडून नेम धरायचा आहे त्याच्यासाठी मला तो सगळ्यात शहाणा पर्याय वाटतो.

तुमच्या रायफलचं मी असं करेन. आता पावसाळा चालू असेल तर नोटेची चाचणी करून खुणा करून ठेवा, स्क्रू मात्र आवळू नका. फुगलेल्या लाकडावर आवळला तर डिसेंबरात ढिला पडेल. मागचा दस्ता हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहा. हलत असेल तर त्याच्या आतला लांब बोल्ट ढिला आहे, पण तोही घरी आवळू नका. या घराण्याच्या जुन्या रायफलीत त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि पुढच्या दस्त्यातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचा दस्ता आधी न उतरवता बोल्ट फिरवला तर ते टोक आतून लाकूड फाडतं. इतकी सुंदर लाकडं या एका चुकीने गेलीत की दर वेळी वाईट वाटतं.

दिवाळीनंतर रायफल दुकानात द्या. खांदे, चिरा आणि तेल तपासून घ्या. लाकूड घट्ट निघालं तर बैठक नवी करून आतून सील करून घ्या, आणि दस्ता तोच ठेवा. खांद्यांच्या मागे चीर इंचभर आत गेलेली असेल, किंवा तेलाने लाकूड नखाला मऊ लागत असेल आणि चार-पाच वेळा खडू थापूनही पिवळेपणा थांबत नसेल, तर पुढचा दस्ता नवा करायचा. तेव्हाही याच ॲक्शनसाठी मी साच्यातला प्लॅस्टिकचा घेणार नाही, कारण त्याच्या खांद्यांची जागा तुमच्या ॲक्शनला तंतोतंत भिडेल याची खात्री नसते आणि भिडवायला प्लॅस्टिकवर इपॉक्सी नीट धरत नाही. वाळलेल्या अक्रोडाचा पुढचा दस्ता करून घ्या, मागचा वडिलांचाच राहू द्या.

काम झाल्यावर दोन्ही दस्त्यांचं वजन दुकानातच करून घ्या आणि बट प्लेटच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखेसकट लिहायला सांगा. पुढच्या गणपतीत तेच पुन्हा काट्यावर ठेवले की किलोमागे २० ग्रॅमच्या आत वाढ असेल तर सील धरलं आहे. ४०-५० दाखवलं तर कुठेतरी उघडं लाकूड राहिलंय, आणि मी ते सगळ्यात आधी स्क्रूच्या भोकांत शोधेन.